बॅकअप कोडांचे तीन कागद सापडले, खरा कुठला?

कवडसा

मंडळी, फोन काल पाण्यात पडला आणि गेला. गूगलची टू-स्टेप चालू होती आणि ऑथेंटिकेटर त्याच फोनवर. एसएमएसचा पर्याय मीच दोन वर्षांपूर्वी काढून टाकला होता, कारण तो नंबर बदलणार होते. आता नवीन फोनवर लॉगिन करायला गेले की पासवर्ड घेतो आणि मग कोड मागतो.

घाबरले नाही, कारण बॅकअप कोड घरात जपून ठेवलेले होते. गंमत इथे सुरू होते. शोधाशोध केल्यावर एक नाही, तीन कागद निघाले. एक शब्दकोशात, एक महत्त्वाच्या कागदांच्या फायलीत, एक जुन्या डायरीत. तिन्हींवर दहा-दहा कोड, प्रत्येक आठ आकडी, आणि तिन्हींवरचे वेगळे! फायलीतल्या कागदावर दोन कोड खोडलेले आहेत, म्हणजे तोच वापरात होता असं समजून त्यातले दोन टाकून पाहिले. दोन्ही चुकीचे म्हणतो.

प्रश्न दोन. आत्ता काय करू? आणि तुम्ही लोक हे कोड घरात ठेवता कसे, की वेळेला सापडतील आणि बरोबर तेच सापडतील?

आडवातिडवा

तीन कागद तीन ठिकाणी जपून ठेवलेत ना, मग हा जपण्याचा अतिरेक आहे. मी एकही ठेवलेला नाही, त्यामुळे माझा असा गोंधळ कधीच होत नाही. (हलके घ्या)

जुनाटयंत्र

कवडसा, आधी थांबा. आणखी कोड टाकू नका. लागोपाठ चुकले की गूगल काही काळ प्रयत्नच बंद करतं, आणि मग बरोबर कोड हातात असूनही ताटकळत बसावं लागतं.

आता समजून घ्या की काय झालंय. गूगल दहा कोडांचा एक संच देतं. एक कोड एकदाच चालतो. पण तुम्ही नवीन संच मागितला की जुना अख्खा संच त्याच क्षणी बाद होतो, न वापरलेले कोडसुद्धा. त्यामुळे तुमच्या तीन कागदांपैकी फार तर एक जिवंत आहे, आणि तो म्हणजे सगळ्यात शेवटी काढलेला. खोडलेले कोड असण्यावरून काहीच कळत नाही. उलट कोड खोडलेत म्हणजे तो कागद जुना असण्याचीच शक्यता जास्त. दोन वापरले, मग कधीतरी नवे काढले.

दोन गोष्टी सांगा. घरात कुठल्या संगणकावर हे खातं अजून उघडं आहे का? आणि कागद छापलेले आहेत की हाताने लिहिलेले? गूगलची फाईल छापली असेल तर तळाला एक ओळ असते, `These codes were generated on:` आणि पुढे तारीख. ती बघा.

दिनूकाका६२

मला तर बँकेचा ओटीपी दर वेळी नवीनच येतो. तो कागदावर लिहून ठेवून काय उपयोग? पाच-दहा मिनिटांत बाद होतो. ताई, तुम्ही उगाच जुने ओटीपी जपलेत असं वाटतं.

शमी

काका, तो वेगळा. ओटीपी त्या वेळी तुमच्याकडे पाठवतात. हे कोड आधीच देऊन ठेवलेले असतात, फोन नसताना वापरायला. यांना मुदत नसते.

कवडसा, पुढच्या वेळी कागदाच्या भानगडीत पडूच नका. स्क्रीनशॉट काढायचा आणि ड्राइव्हवर टाकायचा. मी तसंच करते. कुठूनही उघडता येतं, हरवत नाही, दिसायलाही स्वच्छ.

जुनाटयंत्र

शमी, मुदतीचं बरोबर सांगितलंत. पण ड्राइव्ह कुठल्या खात्याचा?

शमी

माझाच. जीमेलचाच.

अरे देवा.

आडवातिडवा

किल्ली घरात ठेवली आणि दार बाहेरून लावलं!

कवडसा

@जुनाटयंत्र, संगणकावर उघडं नाही. मागच्याच महिन्यात साफसफाईच्या उत्साहात सगळीकडून लॉगआउट केलं.

फायलीतला कागद छापील आहे आणि त्यावर खरंच ती ओळ आहे! मार्च २०२१. बाकी दोन हाताने लिहिलेले. तेव्हा प्रिंटर बिघडला होता बहुतेक. त्यांच्यावर नुसते आकडे, तारीख नाही.

जुनाटयंत्र

हाताने उतरवताना सगळे दहा कोड उतरवतात आणि नेमकी ती एक ओळ सोडतात. माझ्याकडे मदतीला येणाऱ्यांत दर दुसऱ्याचं हेच. आता कागदाकडे कागद म्हणून बघा. कशावर लिहिलंय, मागे काय आहे, शेजारच्या पानावर काय आहे?

डाउनलोड्सच्या फोल्डरमध्येही शोधा. `Backup-codes-` ने सुरू होणारी फाईल असेल. दोनदा उतरवली असेल तर दुसरीच्या नावात `(1)` असतं. फाईल असेल तर प्रश्नच मिटला.

कवडसा

फाईल नाही. कागदावर उतरवून झालं की पुसून टाकायची असं कुठेतरी वाचलं होतं, ते इमानेइतबारे पाळलं.

पण कागदांचं जमलं. डायरीतले कोड ज्या पानावर आहेत त्याच्या आधी आणि नंतर जून २०२२ चे हिशेब आहेत, मध्ये जागा सोडलेली नाही. आणि शब्दकोशातला कागद म्हणजे कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू. पान नोव्हेंबर २०२३ चं. पान फाटतं ते महिना संपल्यावर, म्हणजे हे त्याच्या नंतरचं. मार्च २०२१, जून २०२२, आणि मग कॅलेंडर. शब्दकोशातलाच खरा!

मृण्मयी_क

वा! निम्मं काम झालं. टाकून बघा आणि कळवा.

कवडसा

नाही चालला. पहिला टाकला, चुकीचा. दुसरा टाकला, चुकीचा. आता हात थरथरतायत, थांबते.

अबोल

सॉरी, पण हे वाचून पुन्हा एकदा वाटतं की कागद हा मुळातच चुकीचा रस्ता आहे. मी सगळे कोड पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवतो. ज्या नोंदीत पासवर्ड त्याच नोंदीत खाली कोड. नवे काढले की जुन्यांवर चिकटवायचे. तारीख तोच ठेवतो, उतरवण्यात चूक होत नाही.

जुनाटयंत्र

@अबोल, उतरवण्यात चूक होत नाही हा मुद्दा मान्य. पण मग दोन पायऱ्यांची एकच पायरी झाली. तो मॅनेजर कुणी उघडला तर पासवर्ड आणि कोड एकदमच मिळाले. आणि तुमच्या मॅनेजरलाच टू-स्टेप असेल तर त्याचे कोड कुठे ठेवलेत?

अबोल

... कागदावर.

पण एकच कागद आहे! आणि माझं म्हणणं अजूनही तेच आहे. सामान्य माणसाला मॅनेजर फुटण्याचा धोका जास्त की कागद हरवण्याचा? आपला हा धागाच बघा.

मृण्मयी_क

कवडसा, एक विचारू? ते आकडे कुणी लिहिलेत?

विचारण्याचं कारण, आमच्या बाबांच्या मेलचे कोड त्यांनी स्वतः उतरवले होते, मराठी आकड्यांत. भावाने घाईत ४ ला 8 वाचलं आणि दोन दिवस आम्ही खातं हॅक झालं म्हणून डोकं धरून बसलो. पूर्ण मराठीत लिहिलं असतं तर निदान लक्षात आलं असतं. बाबा मूड असेल तसे निम्मे मराठी, निम्मे इंग्रजी लिहायचे. त्यात मराठी ५ इंग्रजी 4 सारखा दिसतो, ७ तर सरळ 6 वाटतो.

कवडसा

थांबा. कॅलेंडरवरचं अक्षर आईचं आहे! मी स्क्रीनवरून वाचत होते आणि ती लिहीत होती. पण आई आकडे इंग्रजीतच लिहिते. मी पुन्हा पाहिलं, ४, ५, ७ काही मराठी दिसत नाहीये. सगळं स्वच्छ इंग्रजी आहे.

खडूफळा

गणित शिकवतो, म्हणून एक सुचवतो. दहा कोड गुणिले आठ, म्हणजे ८० आकडे. ते यंत्राने कसेही उचललेले असतात, त्यामुळे शून्यापासून नऊपर्यंत प्रत्येक अंक साधारण आठ वेळा यायला हवा. पाच वेळा येईल, अकरा वेळा येईल, ते चालतं. कागद घ्या आणि कुठला अंक किती वेळा आलाय ते मोजा. इथे टाका. कोड टाकू नका, नुसती मोजणी.

आडवातिडवा

सर, हे परीक्षेत येणार का?

कवडसा

मोजलं. शून्य ७, दोन ९, तीन ८, चार ६, पाच १०, सहा ७, सात ९, आठ ७, नऊ १७.

एक: एकदाही नाही!!

खडूफळा

झालं तर मग. ८० आकड्यांत एखादा अंक मुळीच न येणं दहा हजारांत वीस-बावीस वेळाच घडेल. आणि नेमके नऊ दुप्पट. तुमच्या आईंचा एक मराठी आहे, १. तो तुम्ही 9 वाचताय. सतरातले साधारण निम्मे नऊ खरे, निम्मे एक.

प्रत्येक 9 ची शेपटी तपासत बसू नका, पुन्हा चूक होईल. ज्या कोडात 9 सारखं काहीच नाही असा कोड शोधा. दहांत एक-दोन तरी असे असायला हवेत. आणि तुम्ही टाकलेल्या पहिल्या दोन कोडांत 9 होता का?

कवडसा

पहिल्यात दोन, दुसऱ्यात एक.

सातव्या कोडात एकही नाही. तासभर थांबून तो टाकते.

जुनाटयंत्र

सर, सलाम. इतकी वर्षं हे काम करतोय, मोजून बघायचं कधी सुचलं नव्हतं.

कवडसा

उघडलं!!! सातवा चालला. मृण्मयी, खडूफळा सर, जुनाटयंत्र, काय बोलू. आईला कागद दाखवला. ती म्हणते, "मग एक अजून कसा लिहायचा?"

जुनाटयंत्र

छान. पण आता लगेच उठू नका, याच बैठकीत पुढचं उरका, आणि क्रम हाच ठेवा.

आधी नव्या फोनवर ऑथेंटिकेटर बसवा आणि त्याचा सहा आकडी कोड चालतो हे पाहा. बुडालेला फोन खात्याच्या उपकरणांतून काढून टाका. मग `myaccount.google.com` वर Security मध्ये 2-Step Verification, त्यात Backup codes, आणि तिथून नवा संच काढा. संच काढला की कॅलेंडरचं पानही मेलं, तिन्ही कागद एकदम फाडा. एकही "असू दे" म्हणून ठेवू नका, याच "असू दे"मुळे आजचा दिवस उगवला.

नवा संच छापा. छापता येत नसेल तर लिहा, पण संच काढल्याची तारीख सगळ्यात वर लिहा. लिहून झालं की दुसऱ्याला कागदावरून मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही स्क्रीन बघा. तुम्ही वाचलंत आणि आईंनी लिहिलं, पण उलट वाचून कुणी पाहिलं नाही, तिथे चूक निसटली.

शेवटचं, जे जवळपास कुणीच करत नाही: खातं उघडं असतानाच दुसरी खाजगी खिडकी उघडा, तिथे पासवर्ड टाका, Try another way निवडा, Enter one of your 8-digit backup codes वर जा आणि कागदावरचा पहिला कोड टाका. चालला की तो खोडा. दहातला एक खर्च होतो, पण कागद खरा आहे हे आज कळतं.

सांजवात

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. सगळे गृहीत धरताय की घर ही सुरक्षित जागा आहे. माझ्या घरात माझी डायरी वाचली जाते, कपाट उघडलं जातं, पासवर्ड विचारला जातो. मी असा कागद कुठे ठेवायचा?

जुनाटयंत्र

सांजवात, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. नुसत्या कागदाने खातं उघडत नाही, पासवर्डही लागतो. म्हणून कागदावर पासवर्ड नको, पूर्ण ईमेलही नको, स्वतःला कळेल अशी खूण पुरे. (गूगलच्या छापील कागदावर ईमेल असतो, तो भाग कापून टाका.) पण ज्या घरात पासवर्डही मागून घेतला जातो तिथे हे पुरेसं नाही. कागद घराबाहेर हवा.

सांजवात

मैत्रिणीकडे ठेवलाय, बंद पाकिटात, तिला आत काय आहे माहीत नाही. पण रात्री अडले तर? आणि ती घर बदलणार आहे.

मृण्मयी_क

सांजवात, व्यनि केलाय.

शमी

मी माझे स्क्रीनशॉट ड्राइव्हवरून काढले. आता पेनड्राइव्हवर ठेवले तर?

जुनाटयंत्र

दुसरी प्रत म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको. पेनड्राइव्ह न सांगता मरतो, आणि उघडायला विश्वासाचा संगणक लागतो. स्क्रीनशॉट फोनच्या गॅलरीतूनही काढलात का? गॅलरीची प्रत आपोआप त्याच खात्यात चढत असेल.

शमी

चढत होती. 🙈

खडूफळा

कागदाबद्दल थोडं. बिलं निघतात तसल्या गुळगुळीत कागदावर छापू नका, तो उष्णतेने उमटतो आणि काही महिन्यांत कोरा होतो. असला कागद लॅमिनेट करायला गेलात तर यंत्राच्या उष्णतेने अख्खा काळा पडेल. आमच्या शाळेत एकाने करून दाखवलंय. लेझर प्रिंट प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवली तर शाई कागद सोडून प्लास्टिकला चिकटते. साधा कागद, साधं कागदी पाकीट. हाताने लिहायचं तर पेन्सिल उत्तम, ती पाण्याने फुटत नाही आणि उजेडाने उडत नाही. मुलांच्या हाती खोडरबर लागू देऊ नका म्हणजे झालं.

अबोल

गिटहब वापरणाऱ्यांसाठी: तिथे सोळा कोड मिळतात, पाच अक्षरं, मध्ये रेघ, पुन्हा पाच. त्यात आकडे आणि a ते f एवढीच अक्षरं असतात, म्हणजे गोल दिसलं की ते शून्यच, ओ नाही. मात्र 6 आणि b जपून लिहा. तिथे ऑथेंटिकेटर नव्या फोनवर नुसता बदलला तर कोड तेच राहतात, पण टू-स्टेप बंद करून पुन्हा चालू केली तर नवे येतात. मी एकदा याच फरकाला फसलो होतो. हो, कागदावर.

आडवातिडवा

अबोल यांच्याकडे एकूण किती कागद आहेत याची मोजणी खडूफळा सरांनी करावी.

दिनूकाका६२

सगळं नीट वाचलं. आता कळलं की माझा प्रश्न चुकला होता. पण यावरून आठवलं, मागच्या आठवड्यात एकाचा फोन आला होता. म्हणाला तुमचं मेलचं खातं बंद होणार आहे, आठ आकडी कोड सांगा. मी म्हटलं माझ्याकडे कसलाच कोड नाही, तर रागावून फोन ठेवला. तो हाच का?

जुनाटयंत्र

काका, हाच. त्याच्याकडे तुमचा पासवर्ड आधीच असणार, आज बदला. हे कोड फोनवर कुणालाच सांगायचे नसतात. ते फक्त लॉगिनच्या चौकटीत टाकायचे, तेही पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या पानावर.

कवडसा

दोन प्रती केल्या. एक घरात फायलीत, तारखेसकट, एक बहिणीकडे पाकिटात. आईने वाचले, मी स्क्रीन बघितली. पहिला कोड वापरून खोडला. शब्दकोशात आता फक्त शब्द आहेत.

एक अडलंय. पुढच्या वेळी नवा संच काढला की बहिणीकडची प्रत जुनी होणार, आणि ती दोन गावं पलीकडे राहते. फोनवर सांगायचे नाहीत, फोटो पाठवायचा नाही. मग ती प्रत बदलायची कशी?

अबोल

म्हणूनच म्हणतो, मॅनेजर.

जुनाटयंत्र

संच उगाच बदलूच नका. दहातले सात-आठ संपेपर्यंत किंवा कागद कुणाच्या हाती लागल्याची शंका येईपर्यंत तोच राहू दे. मात्र इथला एखादा वापरलात तर तिच्या प्रतीवर तो खोडलेला नसेल, म्हणून तुम्ही वरून सुरुवात करा आणि तिच्या प्रतीतला वापरायची वेळ आली तर खालून.

दिनूकाका६२

मी पासवर्ड बदलला आणि कोडही काढले. मोजले, एकच निघाला, पंचवीस अक्षरांचा. बाकीचे नऊ कुठे गेले?

शमी

काका, तुमचा मेल आउटलुकचा आहे का?

दिनूकाका६२

मुलाने काढून दिलाय. विचारून सांगतो.